पडत्या वाळूची ओढ

दासरी ओदेलू मेस्त्रीनं कामावर कधी कुणाला नावानं हाक मारली नाही. ज्याच्यात जे उणं, तेच त्याचं नाव. पाय वाळलेला तो टांग्या, देवीचे व्रण असलेला तो चाळण, लेकरू न झालेली बाई ती कोरडी. माणसं हसायची. दुसऱ्याला म्हटलं की हसून घ्यायचं, कारण आपली पाळी आली की बाकीचे हसणारच असतात. गोदावरीच्या काठी कालव्याच्या पंपहाऊसचं काम चाललं होतं तेव्हा आम्ही साठ-सत्तर माणसं त्याच्या हाताखाली होतो आणि एकालाही धड नाव नव्हतं.

उंच, हाडकुळा, कानात पितळी बाळी, खांद्यावर लाल टॉवेल. मूळचा दगडफोड्या घरचा. बारक्यापणी त्याच्या मेस्त्रीनं त्याला उन्हात तापलेल्या दगडावर उभं करून मोजणी शिकवली होती म्हणे. हे तो अभिमानानं सांगायचा. वर म्हणायचा, "तळपाय जळाले म्हणून डोकं चाललं. तुमचे तळपाय मऊ ऱ्हायले, म्हणून तुम्ही घमेली वाहताय."

त्याला लेक एकच, राजव्वा. बायको मेलेली. लेक परक्या घरी जाऊ नये म्हणून त्यानं घरजावई आणला. आमच्याकडं त्याला इल्लरिकम म्हणतात. कनकय्या त्या जावयाचं नाव. दोन एकर कोरडवाहूच्या तुकड्यावर सहा भाऊ, त्यातला हा चौथा. गडी कष्टाळू, तोंडानं गरीब, आणि इल्लरिकम आलेल्या गड्यानं तोंडानं गरीबच असावं लागतं. ओदेलू त्याला सगळ्यांदेखत 'ताटचाट्या' म्हणायचा. राजव्वा दुपारची भाकरी घेऊन यायची. जोंधळ्याची रोट्टे, चिंचेचं पुलुसू, वर कांदा. बापाला आधी वाढायची, मग नवऱ्याला. नवरा सासऱ्याकडं पाठ करून जेवायचा.

"तोंड दिसू दे की जावयबापू," ओदेलू म्हणायचा. "माझा जोंधळा कुठल्या भोकातून आत जातोय ते बघू दे."

माणसं हसायची. कनकय्याही हसायचा.

काम असं होतं. पंपहाऊसची उंच काँक्रीटची भिंत उभी राहिली होती. तिच्यामागं खोल पोकळी, ती वाळूनं भरायची. ट्रॅक्टर तिथं जात नव्हता. आधी बायका घमेल्यांनी वाळू वाहायच्या. मग कांट्रॅक्टरनं एक मशीन आणलं. वर वाळूचं नरसाळ्यासारखं हॉपर, त्याच्या बुडाला दांड्यानं उघडायची झडप, आणि झडपेखाली आखूड पट्टा, सहा-साडेसहा हात लांबीचा, वर तोंड केलेला. मागच्या टोकाचा ड्रम मोटर फिरवायची आणि त्याच्यावरून पट्टा वाऱ्यासारखा पळायचा. वाळू पडायची आणि पुढच्या टोकावरून फवाऱ्यासारखी उडून भिंतीपलीकडं जायची. घमेली थांबली, चाळीस बायका घरी बसल्या, वरकामाला कोरडीसारख्या दोघी-तिघी उरल्या. ओदेलूनं त्यांना सांगितलं, "या मशीनीला लुगडं लागत न्हाई आन् पान खायला सुट्टी लागत न्हाई."

वाळू भिंतीपलीकडं चौदा-पंधरा हात पडायची. तेवढं भरून झालं. लांबचा कोपरा होता तीस हातांवर, आणि तिथवर वाळू पोचत नव्हती. कालव्याला पाणी सोडायची तारीख जवळ आली होती. कांट्रॅक्टर पुरुषोत्तम राव, आम्ही त्याला दोरा म्हणजे मालक म्हणायचो, तो येऊन कडेला उभा राहिला. पायात पांढरे बूट. भिंतीमागची ती पोकळी बघितली आणि ओदेलूला म्हणाला,

"परवा सकाळी येतो मी. कोपऱ्यात वाळू पडताना दिसली पाहिजे. न्हाई दिसली तर नेल्लूरचा मेस्त्री आणतो. मग तू घमेलं उचल."

ओदेलू हसला नाही. मेस्त्रीपण गेलं की त्याचं काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ज्यांना त्यानं टांग्या, चाळण, कोरडी म्हटलं होतं, त्याच रांगेत घमेलं घेऊन उभं राहायचं. ते सगळे त्याच्यासाठी नाव तयार करूनच बसले होते.

त्यानं दुसऱ्या दिवशी मोटरीची सहा इंची पुली काढायला लावली आणि नऊ इंची बसवली. पट्टा दीडपट पळायला लागला. रिकामा असताना असा पळाला की बघणाऱ्याचे डोळे गरगरले. ओदेलूनं छाती काढली. "बघा. आता कोपरा काय, नदीपलीकडं टाकतो." आणि झडप उघडायला सांगितलं.

वाळू पडली मात्र, पट्टा किंचाळला. मागचा ड्रम गरागरा फिरतोय आणि त्याच्यावरचा पट्टा जागच्या जागी घसरतोय. वाळू आधीपेक्षाही अलीकडं, भिंतीच्या तोंडाशीच पडायला लागली. रबराचा करपल्या वासाचा धूर निघाला.

"बंद कर! झडप आधी, झडप!" ओदेलू ओरडला.

ही त्याचीच शिस्त होती. आधी वाळूची झडप बंद, पट्टा रिकामा होऊ द्यायचा, मग मोटर. मोटर आधी बंद केली तर वरून पडलेल्या वाळूचा ढिगारा पट्ट्यावर बसतो आणि पुन्हा चालू करताना पट्टा हलत नाही, सगळी वाळू फावड्यानं ओढावी लागते. शिस्त बरोबरच होती. टांग्यानं एकदा चुकून मोटर आधी बंद केली होती, तर ओदेलूनं त्याला फावड्याच्या दांड्यानं मांडीवर मारलं होतं, वाळलेल्याच पायाच्या. तेव्हापासून स्टार्टरचं बटण मेस्त्रीच्या शब्दाशिवाय कुणी दाबत नव्हतं.

"पट्टा कुणी ढिला ठेवला?" त्यानं विचारलं, आणि कनकय्याकडं बघूनच विचारलं.

"मामा, सकाळीच ताणलाय. बोल्टचे आटे संपले."

"आटे तुझे ढिले. पुन्हा ताण."

कनकय्यानं पुन्हा ताणला. पुन्हा झडप उघडली, पुन्हा पट्टा किंचाळला. ओदेलूनं जावयाच्या टाळक्यात टपली मारली, आणि ती हलकी नव्हती.

कामावर स्रवंती नावाची इंजिनियर बाई होती. खम्मम बाजूची, नवी नोकरी, डोक्यावर पांढरी टोपी. ओदेलू तिला तोंडावर अम्मा म्हणायचा आणि मागं 'बाटलीतलं दूध'. धुराचा वास घेत ती आली. झडपेखालचा पट्टा तिनं बोटानं चाचपला. तिथलं रबर बाकी पट्ट्यापेक्षा गरम आणि खरवडलेलं होतं.

"मेस्त्री, ढिलेपणाचा दोष नाही हा. वाळू जास्त आहे."

ओदेलूनं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अम्मा, या पट्ट्यावर एका वक्ताला वाळू असती तरी किती? सगळी खरवडली तर एक घमेलं भरंल. पंधरा किलो. आमची कोरडी डोक्यावर घेऊन नाचंल. त्याला साडेसात हॉर्सपॉवरची मोटर कमी पडती व्हय?"

लोक हसले.

"आन् ऐका. पट्टा जोरात पळाला की त्याच्यावरचा थर पातळ होतो. दिसतंय न्हवं? आता दहा किलोबी नसंल. वजन घटलं, तरी घसरतोय. मंग दोष वाळूचा, का ताणणाऱ्याचा?"

त्याची मोजणी खोटी नव्हती. पट्टा जितका जोरात, तितकी त्याच्यावर एका वेळी वाळू कमी. आम्हालाही वाटलं, बाई अडकली.

बाई अडकली नाही. म्हणाली, "बसलेली वाळू मोजू नका. ती पळतीच आहे, तिला ओढावं लागत नाही. वरून जी पडते ती सरळ खाली पडते. पुढं जायच्या हिशेबानं ती थांबलेलीच असते. तिला पळती करायची म्हणजे पट्ट्यानं धरून ओढायला पाहिजे. आणि ती पडायची थांबत नाही. दर सेकंदाला चाळीस किलो नवी. एकदा ओढून संपत नाही ते."

"कळलं," चाळण म्हणाला. "चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उडी मारली की ट्रॉलीला हिसका बसतो तसं."

"तसंच. आणि एक माणूस नव्हे, न थांबता माणसं उड्या मारताहेत असं धर."

तिनं वाळूवरच बोटानं आकडे काढले. आधी पट्टा सेकंदाला आठ मीटर पळायचा. चाळीस गुणिले आठ म्हणजे तीनशे वीस. सोप्या भाषेत, दोरीला बत्तीस-तेहतीस किलोचं वजन टांगून ठेवलं तर जी ओढ, ती सतत, आणि नुसत्या वाळूपायी. आता पट्टा बारा मीटर. चाळीस गुणिले बारा, चारशे ऐंशी. पन्नास किलोची ओढ. पट्ट्यावरची वाळू घटली हे खरं, पण पडणारी तेवढीच राहिली आणि तिला दीडपट वेग द्यायचा आला.

"मोटरीचं काम तर त्याहून वाढलं," ती म्हणाली. "ओढ दीडपट आणि वेगही दीडपट, म्हणजे सव्वादोन पट. त्यात पुली मोठी केली, म्हणून पट्ट्याला पोचणारा मोटरीचा जोर उलट घटला. आणि हे झडपेखाली गरम लागतंय ना? वाळू पट्ट्याचा वेग पकडेपर्यंत त्याच्यावर घासते. वाळूपायी जे जादा काम होतं त्यातलं निम्मं या घासण्यातच जळतं."

कोरडी घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती. ती म्हणाली, "म्हंजी घरजावयागत! घरची माणसं आपली चालत असत्यात, त्येंचं काय ओझं न्हाई. नवा आला की त्येला वढत न्यावं लागतं."

असं हसू फुटलं की ओदेलूही त्यात सामील झाला. कनकय्या पाना पुसत राहिला.

"मग करायचं काय?" कुणीतरी विचारलं.

"दोन गोष्टी. झडप तिसऱ्या हिश्शानं कमी उघडा. वाळू कमी पडली की ओढ पहिल्याइतकीच राहील. आणि झडपेखाली पत्र्याची तिरपी घसरगुंडी जोडा, तोंड पट्ट्याच्या दिशेला. वाळू घसरत येताना स्वतःच थोडी पुढं पळत येईल. जेवढा वेग ती घेऊन येईल तेवढा पट्ट्याला द्यावा लागणार नाही."

वेल्डिंगला मीच होतो. मी म्हणालो, पत्रा आहे, उद्या दुपारपर्यंत होईल.

ओदेलूनं टॉवेल झटकला. "उद्या सकाळी दोरा येतोय. त्याला काय दाखवू, घसरगुंडी? झडप कमी करायची तर मशीन कशाला, बायका काय वाईट होत्या? ड्रमला राळ लावा. चिकटंल."

राळ टाकणं ही जुनी तऱ्हा. पट्टा ड्रमवर घसरायला लागला की पट्टा जिथं ड्रमवर चढतो त्या फटीत कुटलेल्या राळेची चिमूट फेकायची. राळ गरम होऊन चिकटते आणि पट्टा पकड घेतो. थोड्या वेळानं राळेवर काचेसारखी चमक येते, पट्टा पुन्हा घसरतो, पुन्हा टाकायची. नीट टाकणारा झडप बंद ठेवून टाकतो. वाळू नसली की पट्ट्यावर ओढ नसते, लांबूनच उडवलेली चिमूट पुरते. वाळू पडत असताना टाकायची तर मूठभर टाकावी लागते आणि जवळ जावं लागतं.

स्रवंती म्हणाली, "मेस्त्री, झडप उघडी असताना कुणाला ड्रमजवळ पाठवू नका."

"अम्मा, तुम्ही भरावाची लेव्हल बघा. माणसं मी बघतो."

ती लेव्हल बघायला गेली. जातानाच म्हणाली, "मी सांगितलंय हां." तिला बहुतेक तेवढंच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे बूट आले. सोबत दोघं-तिघं, हातात नारळपाणी. स्रवंती दोराच्या बाजूला उभी राहिली. टांग्या स्टार्टरपाशी, चाळण झडपेच्या दांड्यापाशी. कनकय्या ड्रमपाशी, कुटलेल्या राळेचं डबडं घेऊन. पहाटेपासून राळ कुटून त्याच्या तळहातांवर पिवळा थर चढला होता. उन्हानं तो वितळून हात चिकट झाले होते.

"चालू," ओदेलू म्हणाला.

पट्टा सुटला. झडप उघडली. वाळू पहिल्या झटक्याला छान उडाली, मग पट्टा किंचाळला आणि वाळू भिंतीच्या ओठावर सांडायला लागली. दोरानं नारळाचा घोट घेतला.

"ओदेलू, याच्याहून तुझी थुंकी लांब जाते."

सोबतचे हसले. आम्हीही हसलो. ओदेलूवर हसायची संधी रोज मिळत नव्हती.

"राळ!" ओदेलू गरजला.

कनकय्यानं मूठभर राळ फेकली. पट्ट्यानं पकड घेतली. वाळू उठली, कमान करून गेली आणि थेट कोपऱ्यात पडली. धप्प धप्प आवाज आला. दोरा दोन पावलं पुढं झाला. ओदेलूचा चेहरा उजळला. आणि तेवढ्यात राळ चकाकली, पट्टा पुन्हा घसरला.

"हे काय, उचकी लागल्यागत?" दोरा म्हणाला. "नेल्लूरला फोन लावू का?"

"राळ टाक रे!"

कनकय्यानं पुन्हा टाकली. दोन झटके वाळू कोपऱ्यात, मग पुन्हा अलीकडं. तो ओरडून म्हणाला, "मामा, झडप जरा बंद करा! तेवढ्यात टाकतो, नीट बसंल!"

झडप बंद केली तर वाळू थांबणार होती. दोरा बघत होता.

"झडप बंद व्हायची न्हाई!" ओदेलू म्हणाला. "जवळ जा की. ताटाजवळ कसा जातोस?"

पुन्हा हसू. कनकय्या जवळ गेला. मूठ भरली, वाकला, फटीशी हात नेला आणि मूठ उघडली. राळ पडली, पण हात सुटला नाही. चिकट तळवा पट्ट्याला लागला आणि पट्ट्यानं तो आत नेला. बोटं, मग मनगट. पट्टा आणि ड्रम यांच्यामध्ये हात पाचरीसारखा अडकला आणि पट्टा जवळजवळ थांबला. वरून वाळू पडतच होती. एकीकडं पडणाऱ्या वाळूची ओढ, एकीकडं हाताची पाचर. ड्रम पट्ट्याखाली नुसताच घासत फिरत होता. धूर निघत होता.

कनकय्या पहिल्यांदा ओरडलाच नाही. त्यानं सासऱ्याकडं बघितलं.

"मोटर बंद करा!" स्रवंती किंचाळली. "मोटर!"

टांग्याचा हात बटणावर होता. त्यानं ओदेलूकडं बघितलं. फावड्याचा दांडा अजून त्याच्या मांडीत होता.

आणि ओदेलूच्या तोंडून तेच निघालं जे इतकी वर्षं निघत आलं होतं. "झडप! आधी झडप!"

चाळणनं दांडा ओढला. शिस्तीचा माणूस, एका हिसक्यात झडप बंद केली. वाळू थांबली.

वाळू थांबली तशी तिला पळती करायची ओढही संपली. पन्नास किलोचं जे वजन पट्ट्याला मागं धरून होतं, ते कुणी दोरी कापावी तसं सुटलं. ड्रमला मग काही अडवायला राहिलं नाही, एक हात सोडून. पट्ट्यानं पकड घेतली आणि उसळला. मनगटापर्यंत गेलेला हात कोपराच्या वर, खांद्याच्या खोबणीपर्यंत आत गेला. कनकय्याचं डोकं लोखंडी चौकटीवर आपटलं. मग टांग्यानं बटण दाबलं.

तोवर मशीननं सगळं ठरल्याप्रमाणं केलं होतं. झडप बंद, पट्टा रिकामा, मोटर बंद.

पट्टा कापून त्याला काढला. चौकट कापायला गॅसचं नळकांडं लांब होतं म्हणून पट्टाच कानसून धारदार केलेल्या कोयत्यानं कापला. दोराच्या गाडीत घालायचं म्हटल्यावर दोरानं सीटवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरायला लावल्या. करीमनगरच्या दवाखान्यात उजवा हात खांद्याच्या चार बोटं खाली काढून टाकला.

आणि काम? काम त्याच दिवशी झालं. मी दुपारी घसरगुंडी जोडली. पट्ट्याला तुकडा टाकून सांधला. झडपेला खूण करून तिसऱ्या हिश्शानं कमी उघडायची ठरवली. राळेची चिमूटही लागली नाही. वाळू पत्र्यावरून घसरत पुढं तोंड करून पट्ट्यावर उतरायची, पट्टा गुणगुणत ती उचलायचा आणि कोपऱ्यात नेऊन टाकायचा. संध्याकाळी दोरानं बघितलं. म्हणाला, "हे सकाळीच का नाही केलं?"

ओदेलू म्हणाला, "जावई कल्लू पिऊन आला होता, दोरा. त्याच्या नादात सगळं बिघडलं."

दोरा म्हणाला, "मग तसंच सांग सगळ्यांना." आणि नेल्लूरचं नाव पुन्हा काढलं नाही.

राजव्वा दवाखान्यातून एकदा कामावर आली. रडत नव्हती. तिनं घसरगुंडी बघितली, झडप बघितली, स्टार्टर बघितला. बापाला विचारलं, "आधी काय बंद केलं?"

"झडप."

"का?"

"नियमच हाय. न्हाईतर पट्ट्यावर ढीग बसतो."

"बसला असता तर?"

"फावड्यानं काढावा लागला असता."

तिनं बापाकडं बघितलं. "बस, तेवढंच?" म्हणाली. मग स्रवंतीकडं वळली. "मॅडम, तुम्ही होता न्हवं?"

"मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं," स्रवंती म्हणाली. "विचार कुणालाही."

"आदल्या दिवशी सांगितलंत, ते खरं. बंद करायचा हक्क नव्हता तुम्हाला?"

बाईनं टोपी काढली, पुन्हा घातली. "मेस्त्रीची माणसं माझं ऐकत नाहीत," म्हणाली. तेही खरंच होतं.

मग तालुक्याहून जबाब घ्यायला माणूस आला. कुणाच्या चुकीनं झालं ते लिहून घ्यायचं होतं. मेस्त्रीनं झडप उघडी ठेवून माणसाला ड्रमपाशी पाठवलं असं निघालं, तर ओदेलूचं मेस्त्रीपण गेलं आणि वर केस. गडी पिऊन आला होता असं निघालं, तर दोघंही सुटले, मेस्त्री आणि दोरा. आम्हाला विचारलं. टांग्यानं सांगितलं, बटण माझ्याकडं होतं, मला लांबचं दिसत नाही. चाळण म्हणाला, माझं लक्ष झडपेवर होतं. सगळ्यांचं लक्ष कुठंतरी होतं. शेवटी तो माणूस कनकय्याकडं गेला, सासऱ्याच्या घरी. घर ओदेलूचं, खाट ओदेलूची.

ओदेलू आधीच येऊन उंबऱ्यावर बसला होता. तो माणूस यायच्या आधी त्यानं जावयाला म्हटलं, आणि हळू म्हटलं, तसा हळू बोलायचा त्याला सराव नव्हता, "माझं मेस्त्रीपण गेलं तर या घरात चूल पेटणार न्हाई. भावांकडं जाशील? दोन एकरांत सहा जण. एका हाताच्या माणसाला कोण नांगर देतंय? इथं निदान ताट हाय."

"मी पीत न्हाई मामा," कनकय्या म्हणाला.

"ठाव हाय मला."

राजव्वा चुलीपाशी होती. म्हणाली, "नका म्हणू. मी घमेली वाहीन."

"कुठं वाहशील? बायांचं काम मशीनीनं खाल्लं," ओदेलू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता.

जबाबाचा माणूस आला, चहा घेतला. विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

कनकय्यानं सासऱ्याच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "सकाळी कल्लू घेतला होता. तोल गेला."

"किती घेतला होता?"

कनकय्यानं कधी कल्लू प्यायलाच नव्हता. ताडीच्या गाडग्यांचं माप त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं सासऱ्याकडं बघितलं.

"दोन मुंता," ओदेलूनं सांगितलं.

"दोन मुंता," कनकय्या म्हणाला.

त्या माणसानं लिहिलं, वाचून दाखवलं, शाईची डबी पुढं केली. पुरुषाचा अंगठा डावाच घेतात, त्यामुळं काही अडचण आली नाही. अंगठा उठला तसा ओदेलू पुढं सरकला, खांद्यावरचा लाल टॉवेल थुंकीनं ओला केला आणि जावयाच्या अंगठ्याची शाई घासून घासून पुसली. मग उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "माणसं खोळंबली असतील." आणि कामावर गेला.